चार अंशांचा उतार

लटारूने पाठवलेल्या फोटोत मनोऱ्यावर झेंडूच्या माळा होत्या. खाली वनखात्याची माणसे रांगेत उभी होती, आणि त्यांच्या मागे हिरव्या रंगाचा नवाकोरा जिना नोव्हेंबरच्या उन्हात चमकत होता. सिंदेवाहीच्या वर्कशॉपमधल्या टेबलावर, तो जिना आखणाऱ्या भाग्यश्रीने तो फोटो दोन बोटांनी मोठा केला, मग आणखी मोठा केला. माळा, माणसे, झेंडा एकेक करून पडद्याबाहेर सरकले. उरली ती जिन्याच्या बाजूची तिरपी लोखंडी चॅनेल आणि तिच्यावरच्या बारा पायऱ्या.

पायऱ्या आडव्या नव्हत्या.

पहिल्यांदा तिला वाटले, फोन तिरका धरला असेल. पण मनोऱ्याचा खांब फोटोच्या कडेला अगदी समांतर उभा होता, मधल्या लँडिंगची कडाही सरळ होती. फक्त खालचा जिना, तेवढाच, पुढे झुकला होता. नमस्कार करता करता माणूस मध्येच थांबावा तसा.

तिने फोटोची प्रिंट काढली आणि कोनमापक लावला. खांब आणि चॅनेल यांच्यामध्ये छप्पन्न अंश हवे होते, बावन्नच्या किंचित वर भरले. दुसऱ्या फोटोतही तेवढेच.

"लटारूभाऊ, चिचटोल्याचा जिना बसवताना काही अडचण आली होती का?" तिने फोनवर विचारले.

पलीकडे हसण्याचा आवाज आला. लटारू गेली वीस वर्षे लोखंड उभे करत होता आणि अडचण हा शब्द त्याला अपमानासारखा वाटे. "अडचन कायची जी, ताई! तुमचा जिना खाली टेकतच नव्हता. इत्ता वितभर अधांतरी. मंग चेन पुली लावली, वरच्या बोल्टाची भोकं गॅसनं थोडी लांबट केली, आन् ओढला खाली. बसला ना बापा देवासारखा."

"मला का नाही विचारलं?"

"तुमची डिप्लोमाची परीक्षा होती ना. आन् साहेब लोक सकाळी दहाले हार घेऊन येनार होते. मी म्हनलं, जमीनच खोटी हाय, तिले काय विचाराचं."

भाग्यश्रीने फोन खाली ठेवला. जमीन खोटी नव्हती. ऑक्टोबरात ती चिचटोल्याला गेली होती, तेव्हा तलावाकाठचे गवत कमरेइतके उंच होते. मनोऱ्याचे चार खांब, लँडिंगची आडवी पट्टी आणि वरचा मजला तेवढे उभे झाले होते. तिने लँडिंगच्या आडव्या पट्टीवरून टेप खाली सोडली, खांबाच्या बुडाशी टेकवली आणि वहीत लिहिले, दोन मीटर सोळा. मग त्या उंचीचे बारा भाग केले, प्रत्येकी अठरा सेंटिमीटर. पायरीची रुंदी सत्तावीस धरली, कारण दोन उंच्या आणि एक रुंदी मिळून त्रेसष्ट होतात, आणि माणसाचे मोकळे पाऊल साधारण तेवढेच पडते. अठरा भागिले सत्तावीस, म्हणजे दोन तृतीयांश. ज्या कोनाचा टॅन दोन तृतीयांश, तो कोन तेहेतीस पूर्णांक सात. रात्रभर जागलेल्या माणसाचेही गुडघे कुरकुरणार नाहीत असा चढ. काटकोन त्रिकोण निर्दोष होता. उंची दोन सोळा, पाया तीन चोवीस, कर्ण जवळजवळ तीन एकोणनव्वद.

पण जिन्याचे टोक खांबाच्या बुडाशी टेकणार नव्हते. ते टेकणार होते तिथून सव्वातीन मीटर पुढे, तलावाच्या अंगाला, आणि तिथे जमीन गवताखालून हळूच उतरत गेली होती. पाण्याची नळी धरून त्या दोन ठिकाणांची पातळी जुळवून पाहायला हवी होती. नळीचे दुसरे टोक धरायला सोबत कोणी नव्हते, गवतात उतरायला वनरक्षकाने मनाई केली होती, आणि ऊन कलत होते. उंची जिथे मोजायला हवी होती तिथे तिने मोजली नव्हती. इतकी साधी, इतकी शांत चूक.

आता उलटे गणित तिने फोटोवरूनच केले. कर्ण बदललेला नाही, लोखंड ताणले जात नाही. कोन तेवढा वाढून सदतीस पूर्णांक आठ झाला. कर्णाला त्या कोनाच्या साइनने गुणले की खरी उंची मिळते. दोन मीटर एकोणचाळीस. तेवीस सेंटिमीटर कमी पडत होते, आणि ते तेवीस सेंटिमीटर लटारूने साखळीने ओढून बारा पायऱ्यांत वाटून टाकले होते. प्रत्येक पायरी चार अंशांनी पुढे ओतली गेली होती.

वर्कशॉपचे मालक प्रवीण बोरकर चहाचा ग्लास घेऊन आले. त्यांनी प्रिंट पाहिली, कोनमापक पाहिला आणि तिच्याकडे पाहिले.

"चार अंश? माझ्या सासरवाडीचा जिना पंचेचाळीसचा आहे वं. सासू रोज चढते, आन् उतरून मले शिव्या देते."

"जिना किती उभा आहे हा प्रश्न नाही, प्रवीणभाऊ. उभ्या जिन्यावरही पाय ठेवायची जागा आडवी असते. इथे ती जागाच उतरती आहे."

"चार अंशांनं काय होते?"

कोपऱ्यात त्याच मापाची एक उरलेली पायरी पडली होती, चेकर प्लेटची, म्हणजे उठावाची नक्षी असलेल्या जाड पत्र्याची. ती तिने फरशीवर मांडली आणि मागच्या कडेखाली दोन सेंटिमीटरची पट्टी सरकवली. सत्तावीस सेंटिमीटरला दोन सेंटिमीटर, म्हणजे तेच चार अंश. मग मगभर पाणी ओतले आणि त्यावर अंगणातली चिमूटभर चिकणमाती फासली.

"वरून उतरताय असं समजा. स्टुलावरून पाय टाका."

"मले काय सर्कशीत भरती करून राह्यली का?" म्हणत प्रवीणभाऊ स्टुलावर चढले आणि रुबाबात पाऊल टाकले. टाच टेकली, पंजा टेकला, आणि मग पाऊल त्यांना न विचारता पुढे निघून गेले. भाग्यश्रीने दंड धरला म्हणून ते वाचले. चहा भिंतीवर उडाला.

त्यांनी वाकून ती ओली पायरी बोटाने चाचपली.

"दव पडते का गं तिथं?"

"तलाव आहे. पहाटे पावसासारखं पडतं."

"रात्री कोन बसते वर?"

"सोमाजीभाऊ."

सोमाजी ढिवर समाजातला, साठीला टेकलेला. सारे आयुष्य त्याच तलावात जाळे टाकण्यात गेले, आणि दोन वर्षांपूर्वी वाघाने गावातली दोन माणसे नेली तेव्हापासून तो वनखात्याचा पहारेकरी झाला होता. धान कापणीच्या दिवसांत तो रात्रभर पहारा देई, आधी झाडावरच्या मचाणावर, आता या नव्या मनोऱ्यावर. वाघ दिसला की भोंगा तीनदा वाजवायचा. रात्र सरली आणि रान मोकळे असले की एकदाच, लांब. तो लांब भोंगा ऐकल्याशिवाय चिचटोल्यातली एकही बाई विळा घेऊन धानाच्या बांधीकडे पाऊल टाकत नसे.

भाग्यश्रीने सोमाजीला फोन लावला, मग वनरक्षकाला. दोन्हीकडून एकच यांत्रिक आवाज येत राहिला, हा क्रमांक संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे. दिवस मावळला होता, आणि जंगलाचा रस्ता अंधार पडल्यापासून पहाटेपर्यंत बंद असे. रात्री उशिरापर्यंत थांबून तिने वेल्डरकडून एक लोखंडी चौकट करून घेतली, बरोबर अठरा सेंटिमीटर उंच, सत्तावीस रुंद. जिना पुन्हा आपल्या मूळ कोनात उचलला की त्याचे टोक अधांतरी राहील. त्याच्याखाली ही तेरावी पायरी, आणि तिच्याखाली उरलेल्या सहा-आठ सेंटिमीटरला मुरूम आणि दगडांचा सपाट ओटा. तेरा पायऱ्या, सगळ्या अठराच्या. एकही वेगळी नाही. पायाला पहिल्या दोन पायऱ्यांत मोजमाप कळते, पुढच्या तो डोळे मिटून उतरतो. त्या विश्वासाशी कुठल्याही पायरीने खोटे बोलायचे नसते.

त्या रात्री ती झोपली, पण झोपेत सारखी कुठूनतरी उतरत राहिली.

पहाटे साडेपाचला पिकअप निघाली. गाडी प्रवीणभाऊ चालवत होते, मध्ये भाग्यश्री, दाराशी लटारू, मागे चेन पुली, चौकट आणि वेल्डिंगचे सामान. धुके इतके दाट होते की दिव्यांचा उजेड गाडीपुढे पांढऱ्या भिंतीला थडकून परत येत होता. सागाची पाने गळून रस्त्यावर पडली होती आणि चाकाखाली ती ओल्या कागदासारखी दबत होती.

"ताई, मी वीस वर्षं लोखंड उभं करून राह्यलो," लटारू म्हणाला. "एकबी जिना पडला नाई."

"जिना नाही पडणार, लटारूभाऊ."

वाक्याचा उरलेला अर्धा भाग गाडीत तिघांबरोबर बसून राहिला.

तलावाच्या पाळीजवळ, मातीच्या बांधापाशी, पोचले तेव्हा सव्वासहा झाले होते. मनोरा धुक्यात फक्त कमरेपासून वर दिसत होता. भाग्यश्रीने दाराच्या कडीला हात घातला, तोच वरून आवाज आला.

"उतरू नोका! गाडीतच ऱ्हा!"

सोमाजी कठड्याला धरून उभा होता. डोक्याला मफलर, खांद्यावर घोंगडी.

"काय झालं, सोमाजीभाऊ?" प्रवीणभाऊंनी काच थोडी खाली केली.

"इथीच हाय तो. चार वाजतापासून मनोऱ्याच्या भोवतानं फिरून राह्यला. आता पाळीवरून गावाच्या पांदणीत गेला."

"भोंगा वाजवा ना मग!"

"तीन डाव कळ दाबली. बॅटरीच मेली." त्याचा आवाज बदलला. पांदणीच्या दिशेने हात करून तो म्हणाला, "गोकुळा, माही बायको, येत असन. ते भोंग्याची वाट नाई पाहात. माही न्याहारी घेऊन उजाडताच निंगते. कितीक सांगतलं."

आणि तो वळला. भाग्यश्रीला त्याच्या वळण्यातच सगळे कळले.

"सोमाजीभाऊ, थांबा! आम्ही हॉर्न वाजवतो! उतरू नका!"

प्रवीणभाऊंनी हॉर्नवर तळहात दाबला. धुके फाटेल असा आवाज रानात घुसला, आणि त्या आवाजात तिचे शब्द बुडाले. सोमाजी वरच्या जिन्यावरून उतरत होता. तो जिना तिच्या आकड्यांप्रमाणे बसला होता, लँडिंगपासून मजल्यापर्यंत, दोन्ही टोके लोखंडातच. बारा पायऱ्या तो पाण्यात शिरावे तसा सहज उतरला. पायांनी माप घेतले, मापावर विश्वास ठेवला. लँडिंगवर तो वळला.

तिने दार उघडले आणि धुक्यात उडी घेतली. "उलटे उतरा! जिन्याकडे तोंड करा! शिडीसारखे!"

त्याने ते ऐकले असावे. कारण क्षणभर तो थांबला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आले. "म्हाताऱ्या बाईसारखा उतरू का, पोरी?"

पहिली पायरी. दुसरी. तिसरीवर दवाचे थेंब पुढच्या कडेशी गोळा होऊन एका ओळीत लोंबत होते. हे तिला खालून स्पष्ट दिसले, आणि पुढे कित्येक दिवस डोळे मिटले की तेच दिसणार होते. टाच टेकली. पंजा टेकला. मग पाऊल निघून गेले. कठड्यावरचा हात सुटला तेव्हा त्यातून ओरडण्यासारखा एक करकर आवाज आला, पण सोमाजी स्वतः ओरडला नाही. उरलेल्या नऊ पायऱ्यांवर त्याचे शरीर आपटत आले. त्याचा ताल इतका एकसारखा होता की त्या क्षणीही तिच्या मनाच्या कोणत्यातरी थंड कोपऱ्याने तो मोजला.

पाय गुडघ्याखाली नको त्या दिशेला वळला होता. प्रवीणभाऊंनी हॉर्न सोडला नाही. लटारू आणि ती, दोघांनी सोमाजीला बगलेत धरून पिकअपच्या हौदात आणले. पांदणीच्या बाजूला धुक्यात काहीतरी जड, न घाबरता, बांबूच्या बेटात शिरले. ते शिरल्यावर बांबू बराच वेळ हलत राहिले.

हॉर्न ऐकून गावकरी काठ्या घेऊन आले. सर्वांत पुढे गोकुळा होती, हातात फडक्यात बांधलेला डबा. तिला काही झाले नव्हते. तिने नवऱ्याचा पाय पाहिला, डबा हौदात ठेवला आणि त्याचे डोके मांडीवर घेतले.

"वाघानं पाह्यलं जी त्याच्याकडं," गर्दीतून कुणी म्हणाले. "नजरेनंच पाय ओढते तो."

"खालूनच बोलावलं असन त्यानं."

सोमाजीनेही कण्हत मान हलवली. "पायाले कोनी खेचलं वानी झालं."

वनरक्षक अश्वजित मोटारसायकलवर आला. त्याने खिशातून डायरी काढली. पंचविशीतला सभ्य मुलगा, रात्री नीट न झोपलेला. लिहिता लिहिता तो मोठ्याने वाचत होता, "वाघाच्या भीतीने घाईत उतरताना पाय घसरून..."

प्रवीणभाऊंनी भाग्यश्रीकडे पाहिले. त्या पाहण्यात कट नव्हता, फक्त एक दार होते, आणि ते उघडे होते. वाघावर एक आरोप आणखी. त्याच्या नावावर दोन माणसे आधीच होती, एका मोडक्या पायाने त्याचे काय बिघडणार होते? त्या रानात जे जे वाईट घडे त्याला एक पट्ट्यांचे, ओळखीचे तोंड मिळत असे. लोक त्याला घाबरत, आणि त्याच्यापलीकडे काही शोधत नसत.

"तसं लिहू नका," भाग्यश्री म्हणाली.

"काऊन, मॅडम?"

तिने गाडीतली पाण्याची बाटली आणली. तळाच्या चार पायऱ्या ती चढली, वाकून पाचव्या पायरीच्या मागच्या कडेवर पाणी ओतले आणि खाली उतरून बाजूला झाली. पाणी मागे थांबले नाही. ते सगळे एका इच्छेने पुढच्या कडेकडे आले, खालच्या पायरीवर सांडले, तिथूनही पुढे आले, आणि असे पायरी पायरीने उतरत शेवटी तिच्या बुटांपाशी पोचले. पाण्याला कुणाची भीती वाटत नव्हती आणि कुणाची नजर बाधत नव्हती.

"पायऱ्या पुढे कललेल्या आहेत. उंची मी खांबाजवळ मोजली, जिना टेकतो तिथे नाही मोजली. चूक माझी आहे."

"ओढला तर म्या होता," लटारू पुटपुटला, पण फक्त तिलाच ऐकू जाईल इतकेच.

गोकुळा हौदातून तिच्याकडे पाहत होती. शिवी येईल म्हणून भाग्यश्री वाट पाहत उभी राहिली. ती आली असती तर बरे वाटले असते.

"तुले कवा समजलं हे?"

"काल संध्याकाळी. फोन लागला नाही."

"हं." गोकुळाने सोमाजीच्या कपाळावरचा घाम पदराने टिपला. "आज रातच्याले दसरूची पाळी हाय. त्याची बायको भरल्या दिवसाची हाय. तो याच पायऱ्यांवरून चढन ना?"

"बसू नका म्हणावं आज कोणाला वर," प्रवीणभाऊ म्हणाले.

"आन् मंग सकाळी भोंगा कोन वाजवन? धान उभं हाय बांधीत. बाया भोंगा नाई झाला तरी जातीनच, दोन दिवस थांबतीन, तिसऱ्या दिवशी जातीन." ती भाग्यश्रीकडे वळली. "सांजेपर्यंत नीट होते का?"

"होते."

"मंग कर."

एवढेच. पिकअप सोमाजीला, गोकुळाला आणि गावातल्या दोघांना घेऊन दवाखान्याकडे गेली. सामान खाली उतरवून घेतले होते. संध्याकाळी न्यायला येतो, असे प्रवीणभाऊ सांगून गेले.

दिवसभर गावातली सहा माणसे पाळीवर काठ्या आपटत पहारा देत राहिली. अश्वजितने नवी बॅटरी आणवली. लटारूने चेन पुली बांधली, वरचे बोल्ट सैल केले, आणि जिना एकेक कडी वर आला. भाग्यश्रीने मधल्या पायरीवर पाणसळ ठेवली होती. हिरव्या काचेतला बुडबुडा एका बाजूला चिकटून बसला होता, दडी मारून बसलेल्या जनावरासारखा. साखळी वाजली, बुडबुडा हलला. आणखी एक कडी. तो दोन रेघांच्या मध्ये आला आणि थरथरत थांबला.

"थांबा," ती म्हणाली. लटारूने श्वास सोडला.

या वेळी पाण्याची नळी आणली होती. तिचे दुसरे टोक अश्वजितने धरले. जिथे खालचे टोक येणार होते तिथे जमीन खांबापेक्षा बरोबर चोवीस सेंटिमीटर खाली होती, आणि एक पायरी पुढे सव्वीस. त्यातून अठरा गेले, उरले सहा ते आठ. गवत खरवडून त्यांनी मुरूम धुमसला, वर गावच्या शाळेमागचे सपाट दगड बसवले, ओटा सपाट करून भोवतीने मातीचा उतार दिला, म्हणजे कडेला ठेच लागू नये. ओट्यावर चौकट. चौकटीवर जिन्याचे टोक. लटारूने लांबट झालेल्या भोकांवर पट्ट्या डागल्या. वेल्डिंगच्या निळ्या उजेडात रान क्षणभर पुढे येई आणि पुन्हा मागे सरे.

"हे काँक्रीट करावं लागन पुढच्या हप्त्यात," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, काचेआडून, "पुढच्या डावाले नळी धराले मले बोलवत जा ताई. जमिनीले शिव्या देल्यापेक्षा बरं."

साडेपाचला सूर्य तलावात पडल्यासारखा झाला. पहारा देणारी माणसे अंधाराच्या आत घरी पोचायला हवीत म्हणून निघून गेली, त्यांच्याबरोबर अश्वजितही. दसरू आला. लांब, हडकुळा, घोंगडीत गुंडाळलेला. तो ओट्यापाशी थांबला आणि जिन्याकडे पाहत राहिला.

"चढू का जी?"

"आधी मी," भाग्यश्री म्हणाली.

ती वर गेली. मजल्यावर पोचून वळली, आणि मान ताठ ठेवून उतरू लागली. पायांकडे पाहायचे नाही, असे तिने ठरवले होते. बारा. लँडिंग. वळण. एक. दोन. तिसरी आली, आणि पाऊल ठेवले तिथेच राहिले. लोखंडावर दव साचू लागले होते, आणि ते आता पायरीच्या मधोमध, कुठेही न जाता, पडून होते. चार. पाच. तेवढ्यात बांबूच्या बेटाकडून चितळ ओरडले. एकदा, मग लगोलग तीनदा. तलावापलीकडच्या झाडावर वानर खोकल्यासारखे भुंकले.

तिने वेग वाढवला नाही. वाढवावा लागला नाही. अठरा, अठरा, अठरा. तिचे पाय तिच्याआधी खाली पोचत होते. तेरा. ओटा.

"चढा," ती दसरूला म्हणाली. "कठड्याला धरून. सावकाश."

"पिकअप?" लटारूने पाळीच्या रस्त्याकडे पाहिले. रस्ता रिकामा होता. दवाखान्यात उशीर झाला असेल. चितळ पुन्हा ओरडले, आता पाळीच्या अलीकडून.

"आपनबी वरच जाऊ, ताई. गाडी आली का उतरू."

दसरू पुढे, लटारू मागे, सर्वांत शेवटी ती. तिघांची पावले लोखंडावर सारख्याच अंतराने वाजत गेली. वर पोचल्यावर लटारूने मजल्याच्या तोंडाशी असलेले जाळीचे दार लावले आणि कडी घातली. दसरूने नवी बॅटरी भोंग्याला जोडली. पाळीच्या रस्त्यावर अजून गाडीचे दिवे नव्हते. धुके तलावावरून उठून मनोऱ्याच्या खांबांपर्यंत आले होते आणि ओटा त्यात बुडाला होता.

भाग्यश्री जाळीपाशी बसली. जिना चांगला झाला होता. हे तिला हाडांत कळत होते. चढायला सोपा, उतरायला निर्धोक, अंधारातही न चुकणारा. थकलेल्या माणसासाठी, पोटुश्या बायकोच्या नवऱ्यासाठी, ज्याला कुणाला वर यायचे असेल त्याच्यासाठी.

तेव्हा खाली, धुक्यात, नवी चौकट वाजली. हलकेच, एकदाच, वजन तोलून पाहावे तशी.

दसरूचा हात भोंग्याच्या कळीवर गेला. भाग्यश्रीने श्वास रोखून दुसऱ्या पायरीची वाट पाहिली. किती वेळाने ती वाजेल हे तिला नेमके माहीत होते.

ती वाजली.